चिखलाच्या दोन वेशी

देशावरच्या एका गावी राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्यभराच्या पुंजीतून घर बांधले. जमीन काळी, सपाट आणि कसदार होती. पाया तीन-साडेतीन फूट खोल घेतला होता, विटा चांगल्या भाजलेल्या होत्या आणि गवंडीही अनुभवी होता. दोन वर्षांनी वैशाखात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. एकीत तर रुपयाचे नाणे उभे शिरत असे. गवंड्याने त्या सिमेंटने गच्च भरून दिल्या. श्रावणात पाहावे तो भेगा भरलेल्या भिंतीला पोट आले, दरवाजा चौकटीत अडकू लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात जुन्या भेगेशेजारी नवी भेग पडली. शेजारचा प्लॉट त्यांच्या धाकट्या भावाचा. तोही घर बांधण्याच्या विचारात होता. दोघे आमच्याकडे आले तेव्हा मास्तरांचा प्रश्न असा होता की, "ज्या जमिनीत ज्वारी अशी येते ती जमीन घराला वाईट कशी?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी पाण्याची एक बाटली, एक पितळी वाटी, काचेचा एक तुकडा आणि तराजू एवढे साहित्य पुरे पडते. त्यातून दोन आकडे मिळतात. ते आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, एवढाच आजचा विषय.

मातीचे ओलेपण आपल्या भाषेला फार जुने परिचित आहे. उन्हात वाळलेले ते ढेकूळ. ते हातोडीनेच फुटते. दोन सरी पडून गेल्यावर जमीन औताला लागत नाही आणि धुरळाही उडत नाही, तो वाफसा. त्याहून ओली झाली की पायाला चिकटणारा चिखल, आणि त्याहून पुढे राड. शेतकरी मूठभर माती दाबून पाहतो. मुद्दा बांधला जातो पण टिचकीने फुटतो, तर वाफसा आला असे म्हणतो. कुंभार तीच परीक्षा अंगठ्याने करतो. या अवस्था सर्वांनाच ठाऊक आहेत. अडचण एवढीच की, एक अवस्था संपून दुसरी नेमकी केव्हा सुरू झाली हे ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर अवलंबून राहते, आणि एकाचा अंगठा दुसऱ्याला पत्राने पाठविता येत नाही.

स्वीडनमधील काल्मार गावी शेतकी रसायनशाळा चालविणाऱ्या आल्बर्ट आटरबर्ग या रसायनशास्त्रज्ञाने ही अडचण सोडविली. त्याला घरे बांधावयाची नव्हती. शेतातल्या चिकणमातींचे वर्गीकरण करावयाचे होते. निव्वळ कणांच्या आकारावरून मातीचा स्वभाव कळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने प्रश्नच उलटा विचारला. कण किती बारीक आहेत हे विचारण्याऐवजी, ही माती किती पाणी घेतल्यावर एका अवस्थेतून दुसरीत जाते, हे त्याने मोजावयास घेतले. 1911 च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्याने अशा अनेक सीमा ठरविल्या. त्यांपैकी तीन आज जगभर वापरात आहेत. चिखल वाहू लागतो ती द्रवसीमा. चिखल वळता येणे बंद होते ती सुघट्यसीमा. आणि माती आणखी वाळली तरी आक्रसत नाही ती आकुंचनसीमा. इंजिनियर मंडळी यांना लिक्विड लिमिट, प्लॅस्टिक लिमिट आणि श्रिंकेज लिमिट याच नावांनी ओळखतात. सुघट्य म्हणजे हवा तसा आकार घेणारी आणि घेतलेला आकार न तडकता राखणारी. या अवस्थेच्या दोन वेशी म्हणजे पहिल्या दोन सीमा, आणि दोन वेशींमधले अंतर म्हणजे सुघट्यतांक. द्रवसीमेतून सुघट्यसीमा वजा केली की तो मिळतो.

या सीमा पाण्याच्या टक्क्यांत सांगतात, परंतु ही टक्केवारी ओल्या मातीच्या वजनावर काढीत नाहीत. पूर्ण कोरड्या मातीच्या वजनावर काढतात. शंभर ग्रॅम कोरड्या मातीत ऐंशी ग्रॅम पाणी असेल तर ओलावा ऐंशी टक्के. त्यामुळे हा आकडा शंभराच्या वरही जाऊ शकतो. नवशिके विद्यार्थी तो पाहून गणित चुकले असे समजतात, पण तसे नसते.

आता मास्तरांच्या भावाच्या प्लॉटमधल्या मातीकडे वळू. चार फूट खोल खड्ड्यातून नमुना घेतला. तो उन्हाआड हवेत वाळविला, लाकडी ठोकणीने हलके मोडला आणि 0.425 मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून गाळला. चाळणीखालच्या मातीत शुद्ध पाणी मिसळून घट्ट लगदा केला आणि झाकून चोवीस तास तसाच ठेवला. ही एक रात्र फुकट घालविल्यासारखी वाटते, परंतु काळ्या मातीच्या बाबतीत ती चुकविता येत नाही. पाणी कणांच्या पदरापदरांत शिरावयास वेळ घेते. घाईने केलेल्या चाचणीत द्रवसीमा कमी निघते, आणि माती आहे त्याहून सज्जन दिसते.

द्रवसीमेसाठी जी पितळी वाटी वापरतात तिला आर्थर कॅसाग्रांदे या संशोधकाने 1932 मध्ये पक्के रूप दिले. आटरबर्ग बशीतल्या चिखलात चर पाडून बशी हातावर आपटीत असे. किती जोराने, हे त्याच्या हातावर होते. कॅसाग्रांदेने वाटीला मूठ लावली. मूठ फिरविली की वाटी बरोबर एक सेंटिमीटर उचलली जाते आणि कठीण रबराच्या पाटावर पडते, सेकंदाला दोनदा. वाटीत चिखल पसरून मध्ये एका ठराविक हत्याराने चर पाडावयाचा. तळाशी तो दोन मिलिमीटर रुंद असतो. वाटी आपटत गेली की चराच्या दोन्ही कडा खाली सरकत सरकत तळाशी एकमेकींना भेटतात. सुमारे बारा मिलिमीटर लांबीत त्या भेटल्या की आपटे मोजणे थांबवावयाचे. बरोबर पंचवीस आपट्यांत चर मिटेल एवढे पाणी म्हणजे द्रवसीमा.

पंचवीस हा आकडा दैवी नाही. तो ठरावाने मान्य केलेला आकडा आहे. हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण निसर्गात चिखल आणि द्रव यांच्यामध्ये कुंपण नाही. चिखल हळूहळू सैल होत जातो. आपण त्या उतारावर एका ठिकाणी खुंटी ठोकली आहे एवढेच. सर्वांनी एकाच ठिकाणी खुंटी ठोकली की काल्मारची माती कोल्हापूरच्या मातीशी ताडून पाहता येते.

बरोबर पंचवीस आपट्यांचा चिखल पहिल्या झटक्यात कोणालाच साधत नाही. म्हणून चार निरनिराळ्या ओलाव्यांवर चाचणी करतात. आमच्या मातीचा चर 38 आपट्यांत मिटला तेव्हा ओलावा 64.4 टक्के होता. 30 आपट्यांना 66.4, 21 ला 69.5 आणि 15 ला 72.4. यांतला शेवटचा आकडा कसा आला तेवढे पाहू. चराजवळचा चिखल डबीत घेऊन तोलला तो 21.55 ग्रॅम भरला. 105 ते 110 अंशांच्या भट्टीत रात्रभर वाळविल्यावर 12.50 ग्रॅम राहिला. उडालेले पाणी 9.05 ग्रॅम, त्याला 12.50 ने भागले की 72.4 टक्के. हे चार बिंदू आलेखावर मांडताना आपट्यांची बाजू लॉगॅरिथमच्या मापाने घेतात. तशी घेतली म्हणजे बिंदू एका सरळ रेषेत येतात. रेषेवर 25 आपट्यांपाशी वाचले तेव्हा 68 मिळाले. द्रवसीमा 68.

बिंदू रेषेत आले नाहीत तर कोठेतरी चुकले असे समजावे. बहुधा वाटीची उंची एक सेंटिमीटर राहिलेली नसते, कारण रोजच्या वापराने पाटाला खळगा पडतो. कधी चराच्या कडा वाहून भेटत नाहीत, तर चिखलाचा अख्खा तुकडा वाटीवरून घसरून येतो. असा चर मिटला तरी तो मोजावयाचा नाही. आणि चिखल पातळ झाला म्हणून त्यात कोरडी माती टाकणे, हे तर प्रयोगशाळेत नेहमी घडणारे पाप आहे. नव्या मातीला मुरावयास वेळच मिळत नाही. पातळ झालेला चिखल ढवळून ढवळून वाऱ्यावर आटवावा.

सुघट्यसीमेची चाचणी दिसावयास पोरखेळ वाटते. सुमारे आठ ग्रॅम चिखलाची गोळी करून ती काचेवर तळहाताने वळावयाची, घरी शेवया वळतात तशी. वळी तीन मिलिमीटर जाडीची झाली आणि तुटली नाही, तर पुन्हा गोळा करून पुन्हा वळावयाची. तळहाताच्या उबेने पाणी थोडे थोडे कमी होते. शेवटी बरोबर तीन मिलिमीटर जाडीला वळी तडकून तिचे तुकडे होतात. त्या क्षणीचा ओलावा म्हणजे सुघट्यसीमा. आमच्या वळ्यांचे तुकडे 9.03 ग्रॅम भरले, वाळल्यावर 7.00 ग्रॅम. पाणी 2.03 ग्रॅम, म्हणजे 29 टक्के. येथे यंत्र नाही, हातच आहे. आणि एकाच मातीवर दोन माणसांच्या हातून दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून हा आकडा दशांशापर्यंत सांगणाऱ्याकडे आम्ही थोड्या संशयाने पाहतो.

तर द्रवसीमा 68, सुघट्यसीमा 29, सुघट्यतांक 39.

हे ऐकून मास्तर म्हणाले, "बरे, मग?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आकड्याचा अर्थ तुलनेशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही कोकणातली एक तांबडी चिकणमातीही तपासून ठेवली होती. तिची द्रवसीमा 48 आणि सुघट्यसीमा 29. पाहा, वळी दोन्ही मातींची एकाच ओलाव्याला तुटते. काचेवरचा हात या दोघींना ओळखू शकला नसता. परंतु तांबड्या मातीचा सुघट्यतांक 19 आणि काळीचा 39. एक माती वळण्याजोग्या अवस्थेतून वाहत्या अवस्थेत जावयास 19 टक्के पाणी घेते, तर दुसरी त्याच्या दुप्पट पाणी पिऊनही आकार सोडीत नाही.

बरे, या दोन्ही मातींचा बाप एकच. कोकणचा जांभा आणि देशावरची काळी या दोन्ही मुख्यतः त्याच लाव्हाच्या काळ्या कातळापासून झाल्या, जो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरून दख्खन झाला. सह्याद्रीच्या पश्चिमेस पाऊस एवढा की, कातळ झिजून निघालेले क्षार आणि पुष्कळशी सिलिका धुऊन समुद्रात गेली. मागे लोह, ॲल्युमिनियम आणि केओलिनाइट जातीचे कण राहिले. देशावर पाऊस थोडा, जमीन सपाट, निचरा मंद. क्षार तेथेच राहिले आणि त्यांच्या संगतीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज तयार झाले. दोन्ही खनिजांचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. केओलिनाइटचे पत्रे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, त्यामुळे पाणी बाहेरूनच लागते. मॉन्टमोरिलोनाइटचे पदर सैल असतात आणि पाणी पदरांच्या मध्ये शिरून त्यांना दूर सारते. एक ग्रॅम केओलिनाइटच्या सर्व कणांचा पृष्ठभाग मोजला तर तो दहा-वीस चौरस मीटर, म्हणजे एका खोलीच्या जमिनीएवढा भरतो. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पदर उलगडून मोजले तर सुमारे आठशे चौरस मीटर, म्हणजे आठ गुंठे. चिमूटभर मातीत आठ गुंठे जमीन, आणि तिच्यावर सगळीकडे पाण्याचा पातळ लेप! सुघट्यतांक मुख्यतः मोजतो तो हा लेप.

येथे एक शंका येईल. काळीत बारीक कण जास्त असतील म्हणून तर आकडा मोठा नसेल? ब्रिटनमधील स्केम्प्टन यांनी 1953 मध्ये याचे सोपे उत्तर दिले. सुघट्यतांकाला दोन मायक्रॉनहून बारीक कणांच्या टक्केवारीने भागावे. आमच्या काळ्या नमुन्यात असे कण 36 टक्के होते. 39 भागिले 36 म्हणजे सुमारे 1.1. तांबडीत ते 42 टक्के, म्हणजे काळीपेक्षा अधिकच. 19 भागिले 42 म्हणजे 0.45. बारीक कण जास्त असूनही तांबडी शांत. तेव्हा फरक कणांच्या संख्येचा नसून जातीचा आहे.

आता सुघट्यतांक आपल्याशी खरोखर काय बोलतो, ते पाहू. पुस्तकांत बहुधा एवढेच लिहिलेले असते की, आकडा जितका मोठा तितकी माती वाईट. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे, आणि पुष्कळ घोटाळा यातूनच होतो.

द्रवसीमेवर असलेल्या चिखलाचे बळ फार थोडे असते. बोट सहज रुतते. सुघट्यसीमेवर त्याच मातीचे बळ सुमारे शंभरपट असते. पुष्कळ निरनिराळ्या मातींत हे प्रमाण ढोबळमानाने असेच आढळले आहे. याचा अर्थ असा की, सुघट्यतांक म्हणजे मातीचे बळ शंभरपटीने घटविण्यास लागणारे पाणी. काळीला ते 39 टक्के लागते. नदीकाठच्या बारीक गाळाचा सुघट्यतांक पुष्कळदा पाच-सहाच असतो. अशा गाळावर काढलेली वाट सकाळी टणक असते आणि दुपारच्या एका जोरदार सरीनंतर गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. पाच-सहा टक्के पाणी, आणि बळ शंभरपट खाली. लहान सुघट्यतांकाची माती फुगत नाही, आक्रसत नाही; परंतु ती दगा देते तो अचानक. मोठ्या सुघट्यतांकाची माती असा अचानक दगा देत नाही. ती सावकाश, पण हलत राहते. लहान अंकाचा गाळ पाण्याने शक्ती गमावतो; मोठ्या अंकाची काळी पाण्याने आकार बदलते. मास्तरांचे घर पडत नव्हते, पण उभेही राहात नव्हते, याचे कारण हे.

आकार किती बदलतो, याचा हिशेब अवघड नाही. आमच्या काळीची आकुंचनसीमा 12 टक्के निघाली. म्हणजे ओलावा 12 वर येईपर्यंत जेवढे पाणी जाईल तेवढे मातीचे आकारमान कमी होणार. त्याच्या खाली पाणी गेले तरी फक्त हवा आत शिरणार. शंभर ग्रॅम कोरडी माती घेऊ. तिचे घन कण पाण्याच्या 2.7 पट जड. म्हणजे निव्वळ कण 37 घन सेंटिमीटर जागा व्यापतात. भाद्रपदात नमुन्याचा ओलावा 34 टक्के होता. 37 आणि पाण्याचे 34 मिळून 71 घन सेंटिमीटर. वैशाखात तीच माती 12 पर्यंत वाळली की 37 आणि 12 मिळून 49. एकाहत्तराचे एकोणपन्नास! ढेकूळ जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने लहान झाले. प्रत्यक्ष जमिनीत सगळे थर इतके वाळत नाहीत, वर घराचे ओझे असते आणि पुष्कळ आकुंचन भेगांच्या रूपाने आडवे होते. म्हणून घर एक तृतीयांश उंचीने खाली बसत नाही. परंतु थोड्याच इंचांची हालचाल, आणि तीही घराच्या एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी, एवढी विटांच्या भिंतीला पुरते.

कोपऱ्यांचा फरक महत्त्वाचा. घराखालची माती सावलीत असते. तिचे पाणी उडत नाही. कडेची माती उन्हात तापते. म्हणून उन्हाळ्यात कडा खाली जातात, मध्य तसाच राहतो आणि भिंत तिरपी फाटते. पावसाळ्यात कडा वर येतात. त्या वेळी भेग मोकळी असती तर ती मिटली असती. गवंड्याने ती सिमेंटने भरली होती, म्हणून भिंतीला पोट आले. बिचाऱ्याने पाचर ठोकली आणि ती भेग बुजविली असे समजला. आणखी असे की, मास्तरांच्या स्नानगृहाचे सांडपाणी नैर्ऋत्य कोपऱ्यापाशी मुरत होते आणि ईशान्येस कुंपणालगत वाढलेला कडुनिंब उन्हाळ्यात मुळांनी पाणी ओढीत होता. एक कोपरा बारमाही ओला, समोरचा बारमाही तहानलेला. सर्वांत मोठी भेग या दोन कोपऱ्यांच्या मधल्या भिंतीत होती, हे काही नवल नव्हे.

भारतीय मानकांत सुघट्यतांकावरून मातीच्या फुगण्याची तीव्रता ढोबळपणे सांगितली आहे. अंक 12 च्या आत असेल तर अल्प, 12 ते 23 मध्यम, 23 ते 32 अधिक आणि 32 च्या वर अत्यधिक. आमचा 39. वर्गीकरणासाठी कॅसाग्रांदेने एक आलेखही दिला आहे. आडव्या बाजूस द्रवसीमा, उभ्या बाजूस सुघट्यतांक आणि मधून एक तिरपी रेषा. द्रवसीमेतून 20 वजा करून 0.73 ने गुणले की त्या रेषेची उंची मिळते. काळीसाठी ती 35 येते. आमचा 39 तिच्या वर पडतो आणि द्रवसीमा 50 च्या पुढे आहे, म्हणून ती उच्च सुघट्यतेची खरी चिकणमाती. तांबडीसाठी रेषेची उंची 20.4; तिचा अंक 19, म्हणजे रेषेच्या किंचित खाली. कणांनी चिकणमाती असूनही वागणुकीने ती गाळाच्या घरात गेली. जांभ्याच्या मातीत असे वारंवार होते, आणि तिच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. ती आधीच भट्टीत वाळवून मग चाचणीस घेतली, तर बारीक कण कायमचे एकमेकांना चिकटतात आणि सुघट्यतांक खोटाच कमी दिसतो. म्हणून नमुना हवेतच वाळवावा.

आता या आकड्यांची मर्यादा. चाचणीसाठी आपण माती मोडतो, चाळतो, कालवितो. जमिनीत ती जशी रचलेली होती ती रचना नाहीशी होते. चाळणीवर राहिलेले मुरमाचे खडे तर आपण मोजलेच नाहीत. ज्या मातीत निम्मे खडे आहेत तिच्या चाळणीखालच्या भागाचा सुघट्यतांक 39 आला तरी सगळा थर काही तेवढा फुगणार नाही. याच्या उलट उदाहरण नॉर्वेचे. तेथे पूर्वी समुद्राखाली साचलेल्या काही मातींतून गोड्या पाण्याने मीठ धुऊन गेले आहे. मीठ गेल्याने त्यांची द्रवसीमा खाली आली, पण जमिनीतले पाणी तेवढेच राहिले. म्हणजे नैसर्गिक ओलावा द्रवसीमेहून जास्त. आकड्यांच्या हिशेबाने ती वाहती असावयास हवी. तरी रचनेच्या जोरावर ती उभी असते, तिच्यावर शेते आणि घरे असतात. रचना एकदा ढासळली की ती खरोखर वाहते. 1978 मध्ये रिस्सा येथे तळ्याच्या काठी एका कोठाराच्या बांधकामासाठी माती खणून काठावर टाकली, आणि तेवढ्या निमित्ताने शेतेच्या शेते घरांसकट तळ्यात वाहून गेली. तेथे सुघट्यतांक एकटा काहीच सांगत नाही. तो नैसर्गिक ओलाव्याशेजारी ठेवून वाचावा लागतो.

मास्तरांच्या भावाच्या प्लॉटवर खडे नव्हते. काळी सुमारे चौदा फूट खोल होती, तिच्याखाली मुरूम. उपाय दोन. एक तर मातीचा स्वभाव बदलणे. आम्ही तिच्यात वजनाने चार टक्के कळीचा चुना मिसळून पाहिला. काही दिवसांनी द्रवसीमा 68 वरून 55 वर आली आणि सुघट्यसीमा 29 वरून 38 वर चढली. दोन्ही वेशी जवळ सरकल्या आणि सुघट्यतांक 17 झाला. चुन्यातले कॅल्शियम पदरांना जवळ आणते. पुढे चुना आणि माती मिळून सिमेंटासारखा बंधही तयार होतो. परंतु चौदा फुटांच्या थरात चुना कालविणार कोण? रस्त्याच्या वीतभर थराला हा उपाय उत्तम, घराच्या पायाला परवडत नाही.

दुसरा उपाय, मातीला तिचा स्वभाव ठेवू देणे आणि घर तिच्या हालचालीच्या खाली टेकविणे. काळ्या जमिनीत ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा साधारणतः साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. त्याखाली माती बारमाही सारखी राहते. रूरकीच्या इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी जे खांब प्रचारात आणले त्यांचा तळाजवळचा भाग कंदासारखा फुगीर असतो. खांबाच्या जाडीच्या अडीचपट. हा कंद स्थिर थरात रुतलेला असल्याने वरची माती फुगून खांबाला उपटू लागली तरी तो उपटला जात नाही. खांबांच्या माथ्यावरून जी तुळई जाते ती जमिनीवर टेकवावयाची नाही. खाली निदान आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडावयाची, म्हणजे माती पावसाळ्यात आपली वर येईल आणि उन्हाळ्यात आपली खाली जाईल. धाकट्या भावाने घर असेच बांधले. गवंडी तुळईखालची फट पाहून अस्वस्थ झाला होता. रात्री कोणी नसताना ती विटांच्या तुकड्यांनी भरून टाकील, म्हणून दोन दिवस पहारा ठेवावा लागला.

मास्तरांच्या जुन्या घराला हा उपाय लावता येण्यासारखा नव्हता. त्यांना आम्ही चार गोष्टी सांगितल्या. सांडपाण्याला पक्की मोरी करून ते लांब न्यावे. घराभोवती सहा फूट रुंद फरशी, बाहेर उतार देऊन, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून घालावी. कडुनिंब तोडावयाचा नसेल तर त्याच्या आणि घराच्या मध्ये खोल भिंत घालून मुळे अडवावीत. आणि भेगा सिमेंटने न भरता, निदान दोन पावसाळे, तशाच मोकळ्या ठेवाव्यात. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावयाची. भेग हलली की पट्टी तडकते. पहिल्या वर्षीच्या सहाही पट्ट्या तडकल्या. दुसऱ्या वर्षी दोन तडकल्या, दोन्ही कडुनिंबाच्या बाजूच्या. ती भिंत तेव्हा अर्धीच झाली होती.